१९३८ चं पुस्तक आणि १९७२ ची आवृत्ती: अनुवादाआधी कॉपीराइट कसा तपासावा

प्रश्न: माझ्याकडे एक पोर्तुगीज पुस्तक आहे. आमच्याच तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी गावची देवळं, जत्रा आणि जुन्या रूढींवर लिहिलेलं, १९३८ साली गोव्यात छापलेलं. माझी प्रत मात्र १९७२ च्या दुसऱ्या आवृत्तीची आहे. तीत लेखकाच्या मुलानं वडिलांच्या कागदांतून एक नवं प्रकरण घातलंय, दुसऱ्या एका गृहस्थांची प्रस्तावना आहे, काही फोटोही आहेत. मला याचा मराठी अनुवाद करून छापायचा आहे. एवढं जुनं पुस्तक, पन्नास वर्षं कधीच उलटली, नेटवर स्कॅनही आहे. तरी परवानगी लागते का? लागली तर कुणाची?

उत्तर:

१९३८ चा मूळ मजकूर बहुधा मोकळा झालेला आहे, पण तुमच्या हातातली १९७२ ची आवृत्ती जशीच्या तशी मोकळी नाही. या दोन वाक्यांमधलं अंतर समजलं की पुढचं बरंचसं काम सोपं होतं.

पुस्तकावर छापलेलं साल बघून कॉपीराइट मोजायचा नसतो. आपल्या १९५७ च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे, लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर लेखक जिवंत असेपर्यंत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. ही ६० वर्षं निधनाच्या तारखेपासून धरत नाहीत, पुढच्या १ जानेवारीपासून धरतात. म्हणून हक्क नेहमी ३१ डिसेंबरलाच संपतो. तुम्ही ऐकलेला पन्नासचा आकडा निव्वळ अफवा नाही, तो जुना नियम आहे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांचे हक्क १९९१ च्या अखेरीस संपायला आले, आणि त्याच सुमारास मुदत पन्नासवरून साठ करण्यात आली. २८ डिसेंबर १९९१ पासून ती लागू झाली. ज्यांचे हक्क त्याआधीच संपले होते ते पुन्हा जिवंत झाले नाहीत. म्हणजे १९४० किंवा त्याआधी वारलेल्या लेखकाचं हयातीत छापलेलं लिखाण तेव्हाच मोकळं झालं. १९४१ किंवा त्यानंतर वारलेल्यांना ६० वर्षं लागू.

गोव्यातलंच एक उदाहरण देतो, कारण एका घरातल्या दोन पिढ्यांत सगळा नियम दिसतो. सांकवाळचे धर्मानंद कोसंबी १९४७ साली वारले. त्यांचं 'निवेदन' हे आत्मकथन त्यांच्या हयातीत, १९२४ साली आलं होतं. त्याचा हक्क ३१ डिसेंबर २००७ ला संपला. 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हे त्यांचं पुस्तक मात्र निधनानंतर, १९४९ साली प्रसिद्ध झालं. अशा मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लिखाणाला कलम २४ लागतं आणि ६० वर्षं प्रकाशनाच्या वर्षानंतर मोजली जातात, म्हणून त्याचा हक्क दोन वर्षं जास्त, २००९ च्या अखेरीपर्यंत चालला. त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी १९६६ साली गेले. त्यांच्या हयातीत छापलेल्या लिखाणावरचा हक्क भारतात ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. वडिलांच्या पुस्तकांचा नियम मुलाच्या पुस्तकांना लावला असता तर फसगत झाली असती.

आता तुमच्या डॉक्टरांकडे येऊ. त्यांचं निधन कोणत्या वर्षी झालं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सगळी गणना त्याच एका वर्षावर उभी आहे. समजा गावात कुणी म्हणतं ते मुक्तीच्या आधी, १९५९ ला गेले, आणि कुणी म्हणतं १९६८ ला. १९५९ खरं असेल तर १९३८ चा मजकूर ३१ डिसेंबर २०१९ ला मोकळा झाला. १९६८ खरं असेल तर तो ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत बांधलेला आहे. अशा वेळी 'असं म्हणतात' यावर पुस्तक छापायचं नाही, कागद शोधायचा.

शोध घरापासून सुरू करा, पण घरच्या आठवणीवर थांबू नका. हिंदू घरांत श्राद्धाची तिथी पक्की लक्षात असते, वर्ष नसतं. कधी शके सांगतात. शके वर्ष इसवी सनाच्या दोन वर्षांत विभागलेलं असतं, आणि निधन मार्गशीर्ष-पौषातलं असेल तर ते डिसेंबरात पडतं की जानेवारीत, हे त्या वर्षीचं पंचांग काढून ताडावं लागतं. त्या काही दिवसांच्या फरकानं मुदत अख्ख्या एका वर्षानं सरकते. ख्रिस्ती कुटुंब असेल तर चर्चच्या नोंदवहीत आणि थडग्यावर तारीख मिळते. दोन्ही समाजांसाठी सरकारी मृत्यूनोंद तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे किंवा, फार जुनी असेल तर, पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोधायची. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत नावं पूर्ण आणि पोर्तुगीज स्पेलिंगनं असतात, म्हणून जाण्यापूर्वी पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं नाव अक्षरन् अक्षर उतरवून घ्या. काही घराण्यांनी आडनाव कधी गावावरून, कधी मूळ कुळावरून लावलेलं असतं. दोन्ही रूपं शोधा.

डॉक्टर थोडेफार नावाजलेले असतील तर आणखी एक जागा आहे: आलेशियु मानुएल द कोश्ता यांचा गोमंतकीय साहित्याचा पोर्तुगीज कोश, 'दिसिओनारियु द लितेरातुरा गोएझा'. पोर्तुगीज, कोंकणी, मराठीत लिहिणाऱ्या कितीतरी गोवेकरांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात आहेत आणि पुस्तकांबरोबर नियतकालिकांतल्या लेखांचीही यादी आहे. ही लेखांची यादी पुढे कामाला येणार आहे. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात पोर्तुगीज वर्तमानपत्रांचे जुने अंकही बघायला मिळतात. अंदाजे साल कळलं की 'ओ हेराल्दो'सारख्या दैनिकातली निधनवार्ता सापडू शकते. ग्रंथालयाच्या सूचीत लेखकाच्या नावापुढे जन्मसाल आणि मग रिकामी रेघ दिसली, तर त्याचा अर्थ लेखक हयात आहेत असा घेऊ नका. सूचीकाराला निधनाचं साल मिळालं नव्हतं, एवढंच.

धरून चालू की नोंद मिळाली आणि साल १९५९ ठरलं. आता १९७२ ची प्रत उघडून प्रत्येक हात वेगळा काढायचा. जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत अनेक जणांचं काम एकत्र बांधलेलं असतं आणि प्रत्येकाची मुदत स्वतंत्र चालते.

मुलानं वडिलांच्या कागदांतून घातलेलं प्रकरण हे मरणोत्तर प्रकाशन आहे. १९७२ नंतरची ६० वर्षं, म्हणजे ते ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत हक्कात आहे. मूळ पुस्तक मोकळं आणि त्याच लेखकाचं एक प्रकरण बांधलेलं, ही गोष्ट अनेकांना पटत नाही. पण कलम २२ 'हयातीत प्रसिद्ध' झालेल्या लिखाणाबद्दल बोलतं, आणि हे प्रकरण त्यात बसत नाही. एक शक्यता मात्र जरूर तपासा. त्या पिढीतले गोव्याचे लेखक पुस्तकाआधी लेख छापत. पणजीची वास्को द गामा संस्था, जी आज मिनेझिस ब्रागांझा संस्था म्हणून ओळखली जाते, तिच्या 'बोलेतिम'मध्ये असं संशोधन येत असे. दैनिकांतही येत असे. हे प्रकरण १९५९ च्या आधी लेख म्हणून आलेलं सापडलं, तर ते हयातीत प्रसिद्ध झालेलं ठरतं आणि बाकी पुस्तकाबरोबरच मोकळं होतं. अनुवाद तेव्हा त्या लेखाच्या छापील पाठावरून करायचा आणि अंकाचं साल-पान टिपून ठेवायचं. म्हणूनच मी कोशातली लेखांची यादी बघायला सांगितली.

मुलानं स्वतः लिहिलेल्या तळटीपा, त्यानं मजकुरात केलेल्या दुरुस्त्या आणि त्याचं दोन पानी निवेदन हे त्याचं लिखाण. त्याच्या निधनापासून ६० वर्षं, आणि तो हयात असेल तर अजून गणना सुरूच झालेली नाही. प्रस्तावनेचंही तसंच. प्रस्तावनाकार समजा १९८३ ला गेले, तर ती २०४३ च्या अखेरीपर्यंत त्यांच्या वारसांची आहे.

फोटोंचे दोन गट करा. १९३८ च्या आवृत्तीतही असलेले फोटो आणि १९७२ ला नव्यानं आलेले. फोटोंची मुदत पूर्वी प्रकाशनापासून मोजत. २०१२ च्या दुरुस्तीनं ते वेगळं कलम काढून टाकलं आणि फोटो लेखकाच्या नेहमीच्या मुदतीत आले. १९३८ ला छापलेल्या फोटोंचा हक्क त्या दुरुस्तीच्या कितीतरी आधी संपलेला होता, त्यामुळे ते वापरायला हरकत नाही. १९७२ चे नवे फोटो जुन्या नियमानं मोजा की नव्या, अजून हक्कात आहेत. फोटोग्राफरचं नाव नसेल तर ते वगळा आणि त्याच देवळांचे नवे फोटो काढून घ्या. देवळं तिथंच आहेत, देवस्थान समितीला विचारून काढा.

एवढं झाल्यावर माझा स्पष्ट सल्ला असा: अनुवाद १९७२ च्या प्रतीवरून करू नका. १९३८ ची पहिली आवृत्ती मिळवा आणि तीच आधारप्रत धरा. कृष्णदास शामा ग्रंथालय, गोवा विद्यापीठाचं ग्रंथालय, पर्वरीचं झेवियर संशोधन केंद्र, या ठिकाणी शोधा. मिळाली की दोन्ही प्रती शेजारी ठेवून पानागणिक ताडा. मुलानं वाक्यं बदलली असतील, परिच्छेद गाळले असतील, गावांची नावं दुरुस्त केली असतील, ते सगळं तेव्हाच कळतं. फरकांची यादी करून ठेवा. पुढं कुणी विचारलं तर तुम्ही कोणत्या पाठावरून अनुवाद केला, याचा पुरावा तीच यादी असते. नेटवरचा स्कॅन नेमका कोणत्या आवृत्तीचा आहे, हेही शीर्षकपान बघून ठरवा. कुणीतरी स्कॅन चढवला म्हणून त्याला छापायची परवानगी मिळालेली असते असं नाही. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी सापडली नाही म्हणूनही पुस्तक मोकळं ठरत नाही, कारण आपल्याकडे नोंदणी सक्तीची नाही.

या पुस्तकाचा पूर्वी इंग्रजी किंवा कोंकणी अनुवाद झाला असेल, तर त्या अनुवादकाचा स्वतंत्र हक्क आहे. पोर्तुगीज अडलं की इंग्रजी अनुवाद उघडायचा मोह होतो. एखादा शब्द समजून घेण्यापुरतं ठीक, पण वाक्यामागून वाक्य त्यावरून उतरवलं तर तुम्ही मोकळ्या पुस्तकाचा नव्हे, बांधलेल्या अनुवादाचा अनुवाद करत असता.

गोव्यातल्या पुस्तकांबाबत एक शंका नेहमी येते. १९३८ ला इथं पोर्तुगालचं राज्य होतं, मग पोर्तुगीज कायदा लागेल का? पोर्तुगालमध्ये आज निधनानंतर ७० वर्षांची मुदत आहे. परदेशी पुस्तकाला भारतात त्याच्या मूळ देशापेक्षा जास्त मुदत मिळत नाही, पण ती भारतीय मुदतीपेक्षा वाढतही नाही. म्हणून हे पुस्तक तुम्ही भारतीय धरा की पोर्तुगीज, भारतात छापायला आणि विकायला उत्तर एकच येतं, ६० वर्षं. फरक पडतो तो परदेशात विकताना, त्याकडे शेवटी येतो.

आता परवानगी. तुम्हाला ते मरणोत्तर प्रकरण हवंच असेल, आणि विषय बघता मला ते घेण्यासारखं वाटतं, तर ती वारसांकडून घ्यावी लागेल. इथं दोन गैरसमज होतात. पहिला, हस्तलिखित ज्याच्या कपाटात आहे त्याचाच हक्क. तसं नाही. मृत्युपत्रानं अप्रकाशित हस्तलिखित एखाद्याला दिलं असेल तर कॉपीराइटही त्याच्याकडे गेला असं कायदा धरतो, पण नुसतं जवळ असणं म्हणजे मालकी नव्हे. दुसरा, ज्या मुलानं आवृत्ती काढली त्याची सही पुरे. डॉक्टरांना चार मुलं असतील तर हक्क चौघांकडे आणि पुढं त्यांच्या वारसांकडे गेला. गोव्यात याची कागदपत्रं मिळण्याची शक्यता बरी असते, कारण इथल्या नागरी कायद्यामुळे घराण्यात वारसापत्र, ज्याला सगळे 'डीड ऑफ सक्सेशन' म्हणतात, किंवा कोर्टातली 'इन्व्हेंटरी' झालेली असते. जमिनीसाठी केलेला तो कागद मागा. पुस्तकाचा उल्लेख त्यात नसेल, पण वारस कोण हे तिथं लिहिलेलं असतं. विवाहित वारसाबरोबर जोडीदाराचीही सही घ्या. मालमत्ता पतीपत्नींची सामाईक धरण्याच्या इथल्या पद्धतीत पुढचा वाद टळतो. कुणी लिस्बनला, कुणी टोरंटोला असेल तर त्यांनी इथल्या एका भावंडाला लेखी अधिकार दिला तरी चालतं.

शीर्षकपानावरच्या छापखान्याला हक्कदार समजून पत्र पाठवू नका. बस्तोड्याच्या रांगेलसारख्या छापखान्यांत कितीतरी पुस्तकं लेखकानं स्वखर्चानं छापून घेतली. 'एदिसांव दु आउतोर', म्हणजे लेखकाची आवृत्ती, असं कुठं छापलेलं आहे का बघा. खरोखरचा प्रकाशक असेल तर वारसांना जुना करार आहे का ते विचारा.

परवानगीचं पत्र एका पानाचं असलं तरी चालेल, पण चार गोष्टी मोकळ्या सोडू नका, कारण त्या सोडल्या की कायदा त्या स्वतः भरतो. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. माध्यम नेमकं लिहा: छापील, ई-पुस्तक, श्राव्य. आणि चौथी, जी अनुवादकांना सर्वांत जास्त नडते: मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो आपोआप संपतो, पत्रात वेगळं काही लिहिलं नसेल तर. अनुवाद, संपादन, मुद्रितशोधन आणि छपाई धरून एक वर्ष सहज उलटतं. म्हणून 'प्रकाशन सहीच्या तारखेपासून तीन वर्षांत व्हावं, तोवर ही परवानगी रद्द होणार नाही' असं वाक्य स्पष्ट घाला. मानधन किती, की मानधनाऐवजी प्रती, हे त्याच पानावर. वारस 'अहो घ्या हो, आमच्या आजोबांचं नाव होईल' म्हणाले तरी सही घ्याच. आज आनंदानं बोलणारी व्यक्ती उद्या नसते, आणि तिच्या मुलांना ते बोलणं माहीत नसतं.

वारस सापडलेच नाहीत तर कलम ३१क आहे. लेखक मृत आहे आणि हक्कदार सापडत नाही, अशा पुस्तकाच्या किंवा त्याच्या अनुवादाच्या प्रकाशनासाठी परवाना मागता येतो. हा अर्ज २०२१ पासून व्यावसायिक न्यायालयाकडे करायचा असतो. त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या एका इंग्रजी दैनिकात आणि अनुवादाच्या भाषेतल्या, म्हणजे तुमच्या बाबतीत मराठी, दैनिकात जाहीर प्रस्ताव छापावा लागतो. न्यायालय ठरवेल ते मानधन जमा करावं लागतं. अख्खं पुस्तक अडलेलं असेल तर हा मार्ग धरण्यासारखा आहे. वीस पानांच्या एका प्रकरणासाठी वकील, दोन जाहिराती आणि तारखा परवडणार नाहीत. तेव्हा ते प्रकरण वगळा, आणि त्यात काय आहे ते तुमच्या प्रस्तावनेत स्वतःच्या शब्दांत सांगा. त्यातली माहिती, म्हणजे कोणत्या जत्रेत कोणता मान कुणाचा, ही कुणाच्या मालकीची नसते. मालकी असते ती मांडणीची आणि वाक्यांची.

मोकळ्या मजकुराबाबतही एक बंधन उरतं. कलम ५७ प्रमाणे लेखकाचं नाव देणं आणि त्याच्या लिखाणाची प्रतिष्ठा बिघडेल अशी मोडतोड न करणं, हा हक्क कॉपीराइटपासून वेगळा आहे आणि वारस तो मागू शकतात. १९३८ च्या पुस्तकात जातींबद्दल आज खटकणारे उल्लेख असतील. ते गुपचूप गाळू नका. ठेवा आणि टीप द्या, किंवा गाळले तर कुठं आणि का ते लिहा.

श्रेयपानावर १९३८ च्या आवृत्तीचं शीर्षक, छापखाना आणि साल द्या, १९७२ च्या आवृत्तीतलं काय घेतलं आणि कुणाच्या परवानगीनं ते द्या, आणि मराठी अनुवादाचा हक्क तुमच्या नावे लिहा. तो हक्क खरा आहे: मूळ मोकळं असलं तरी तुमचा अनुवाद तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं तुमचा आणि तुमच्या वारसांचा. दुसरं कुणी तेच पुस्तक पुन्हा अनुवादित करू शकेल, त्याला तुम्ही अडवू शकणार नाही.

राहिला परदेशातला विक्रीचा मुद्दा. डॉक्टर १९५९ ला गेले असतील तर ७० वर्षांच्या हिशोबानं पोर्तुगालमध्ये त्यांचं लिखाण ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हक्कात आहे. छापील पुस्तक पणजी, मडगाव, कोल्हापूर, पुण्यात विकायला काहीच अडचण नाही. ई-पुस्तक चढवताना मात्र बहुतेक विक्रेते कोणत्या देशांत विकायचं ते विचारतात, आणि घाईत 'सर्व देश' निवडलं जातं. तिथं फक्त भारत निवडा. वारसांची सही घेतच असाल, तर त्याच पानावर मूळ पुस्तकासाठीही पोर्तुगाल आणि युरोपची परवानगी मागून ठेवा. लिस्बनमधले गोवेकर हे पुस्तक मागणारच.